स्टेटमेंट ऑफ पर्पज: एम.एस्सी. डेटा सायन्स प्रवेशासाठी

मा. प्रवेश समिती,

कूलिंग वॉटरच्या चोवीस पंपांच्या पाच वर्षांच्या मेंटेनन्स नोंदींमध्ये ड्राइव्ह एंड बेअरिंगची ६२ आयुष्ये पूर्ण झालेली दिसतात. त्यांपैकी १४ बेअरिंग चालता चालता गेली. उरलेली ४८ धडधाकट असताना, १२,००० तासांच्या ठरलेल्या वेळापत्रकानुसार उतरवली गेली. फक्त गेलेल्या १४ची सरासरी काढली तर आयुष्य सुमारे ७,५०० तास येते, आणि मेंटेनन्सच्या बैठकीत बहुतेकदा हाच आकडा मांडला जातो. पण उतरवलेली ४८ बेअरिंग निदान १२,००० तास तरी टिकली, ही माहिती त्या हिशेबात कुठेच येत नाही. त्यांना सेन्सॉर्ड निरीक्षणे धरून वायबुल वितरण बसवले की मध्यक आयुष्य २१,००० तासांच्या आसपास जाते.

डेटा सायन्सच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी अर्ज करते आहे तो याच्या पुढच्या प्रश्नासाठी. या नोंदींवरून वायबुलचा शेप पॅरामीटर १.८ येतो. बेअरिंग वयानुसार झिजते आहे, म्हणजे वेळेआधी बदलण्यात अर्थ आहे, असे त्यावरून म्हणता येईल. मात्र त्याचा ९५ टक्के विश्वासांतर १.१ ते २.९ इतका रुंद आहे. शेप १ असेल तर बिघाडाचा धोका वयाशी बांधलेलाच नसतो. मग नवे बेअरिंग बसवून काही साधत नाही, उलट बसवताना होणाऱ्या चुकांची भर पडते. वेळापत्रक ठेवावे की मोडावे, याचे उत्तर १४ बिघाड जेमतेमच देतात. दहा वर्षे आणखी बिघाड होण्याची वाट बघणे हा काही उपाय नव्हे. वेगवेगळ्या पंपांची आणि भारांची माहिती एकमेकींना आधार देईल अशी मांडणी करायची, तर हायरार्किकल बायेशियन मॉडेल, सर्व्हायव्हल अॅनालिसिस आणि त्यामागचे संख्याशास्त्र नीट यायला हवे. मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या पदवीत ते शिकवले जात नाही, आणि लायब्ररीतले फंक्शन चालवता आले म्हणजे ते आले असेही होत नाही.

मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी ८.१ सीजीपीएने पूर्ण केली असून सध्या रिलायबिलिटी इंजिनिअर म्हणून काम करते. पंप, मोटर आणि गिअरबॉक्स यांची कंपन तपासणी, बिघाडाची कारणमीमांसा आणि सुट्या भागांचे नियोजन हे माझे काम. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प द्विमितीय उष्णतावहनाच्या फायनाइट एलिमेंट सॉल्व्हरचा होता. तो पायथनमध्ये स्पार्स मॅट्रिक्स वापरून लिहिला. लिनिअर अल्जिब्रा मला भेटले ते तिथे. कंडक्टिव्हिटी मॅट्रिक्सला सीमेवरचे तापमान लावेपर्यंत ती सिंग्युलर का राहते, कॉन्जुगेट ग्रेडियंटला ती सममित आणि पॉझिटिव्ह डेफिनिट का लागते, कंडिशन नंबर वाढला की पुनरावृत्त्या का वाढतात, या गोष्टी कोडमध्ये अडखळूनच कळतात. रिग्रेशनमध्ये दोन सेन्सर जवळपास एकच गोष्ट मोजत असले की गुणक उड्या मारू लागतात. दुखणे तेच, फक्त नाव वेगळे.

कंपनाच्या डेटावर मी केलेले एक काम इथे सविस्तर मांडते, कारण मी कशा पद्धतीने विचार करते ते त्यातून दिसेल. केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा बेअरिंग डेटासंच या क्षेत्रात सगळेच वापरतात. मोटरच्या ड्राइव्ह एंडला ६२०५ बेअरिंग, त्यावर इलेक्ट्रो-डिस्चार्ज मशिनिंगने मुद्दाम केलेले दोष, आणि १२ किलोहर्ट्झने घेतलेली नोंद. १,७९७ आरपीएमला एका फेऱ्यात साधारण ४०० नमुने येतात. म्हणून २,०४८ नमुन्यांची खिडकी घेतली की तिच्यात पाच फेरे बसतात. या खिडक्या सरमिसळ करून ट्रेन आणि टेस्टमध्ये वाटल्या तर साधे रँडम फॉरेस्टही ९९ टक्क्यांच्या वर अचूकता दाखवते. तो आकडा फसवा आहे. एकाच नोंदीचे शेजारशेजारचे तुकडे दोन्हीकडे गेल्यामुळे मॉडेल दोष ओळखत नाही, ती विशिष्ट नोंद ओळखते: त्या बेअरिंगची बसवणूक, त्या सेन्सरची जागा, त्या दिवसाचा गोंगाट.

म्हणून मी विभागणी दोषाच्या आकारानुसार केली. ०.००७ आणि ०.०२१ इंचाचे दोष शिकण्यासाठी, ०.०१४ इंचाचे फक्त चाचणीसाठी. प्रत्येक आकाराचा दोष वेगळ्या बेअरिंगवर असल्याने चाचणीतले बेअरिंग मॉडेलने कधी पाहिलेलेच नसते. अचूकता थेट सत्तरीच्या घरात आली. मग वैशिष्ट्ये बदलली. ६२०५ मध्ये नऊ बॉल असतात. भूमितीवरून बाहेरच्या रेसचा दोष फेऱ्याच्या ३.५८५ पट आणि आतल्या रेसचा ५.४१५ पट वारंवारतेला दिसायला हवा. १,७९७ आरपीएमला हे अनुक्रमे सुमारे १०७ आणि १६२ हर्ट्झ. एन्व्हलप स्पेक्ट्रम काढून, हर्ट्झऐवजी फेऱ्याच्या पटीत मोजून, या दोन स्थानांभोवतीची ऊर्जा वैशिष्ट्य म्हणून दिली. २,०४८ नमुन्यांच्या खिडकीत स्पेक्ट्रमची पायरी ५.९ हर्ट्झची पडते, आणि तिच्यात शिखराची नेमकी जागा नीट ठरत नाही. म्हणून खिडकी चौपट केली. गेलेली अचूकता बरीचशी परत मिळाली, तीही खरी. बॉलवरचे दोष मात्र अजून निसटतात. बॉल फिरताना त्याचा दोष कधी रेसला लागतो, कधी लागतच नाही, त्यामुळे नियमित ठोका मिळत नाही. इथे मॉडेल मोठे करून फायदा होईल असे मला वाटत नाही.

प्रत्यक्ष प्लांटमधला डेटा याहून कितीतरी मळकट असतो. तिथल्या तीन गोष्टींवर मी बराच वेळ दिला आहे. पहिली, हिस्टोरियन सॉफ्टवेअर प्रत्येक वाचन साठवत नाही. डेडबँडपेक्षा जास्त बदल झाला तरच नवी नोंद पडते. मधल्या मोकळ्या जागा लिनिअर इंटरपोलेशनने भरल्या की भविष्यातले वाचन भूतकाळात झिरपते. बेअरिंगचे तापमान बिघाडाच्या आधी तासभर हळूहळू चढताना दिसते, आणि मॉडेल ते इमानाने शिकते. प्रत्यक्षात त्या तासात सिस्टीमकडे जुनेच वाचन असते. शेवटचे वाचन पुढे ओढणे एवढाच प्रामाणिक पर्याय उरतो. दुसरी, वर्क ऑर्डरवरची तारीख बहुतेकदा काम बंद केल्याची असते, बिघाड सुरू झाल्याची नव्हे. मी मोटरचा करंट शून्यावर गेल्याची वेळ शोधून लेबले मागे सरकवते. करंट नसेल तर त्या घटनेला निश्चित वेळ न देता अंतर देते. आणि तिसरी गोष्ट अचूकतेची. वरच्या ६२ आयुष्यांत मिळून सुमारे २८,४०० पंप-दिवस भरतात आणि बिघाडाचे दिवस १४. ‘आज काही होणार नाही’ असे रोज सांगणारे मॉडेल ९९.९५ टक्के अचूक ठरते! म्हणून मी इशाऱ्याची पातळी खर्चावरून काढते: तपासणीला तीन मनुष्यतास आणि अचानक बिघाडाला चाळीस धरले, आणि तपासणीत दोष सापडतोच असे मानले, तर ७.५ टक्के शक्यतेलाच माणूस पाठवायला हवा. पण यासाठी मॉडेलने सांगितलेले ७.५ टक्के खरोखर ७.५ टक्के असायला लागतात. हे कॅलिब्रेशन इतक्या विरळ घटनांवर कसे तपासायचे, याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही.

सरावासाठी नासाच्या सी-मॅप्स टर्बोफॅन डेटावरही काम केले आहे. त्यातल्या एफडी००१ या पहिल्या संचात शिकण्यासाठीची शंभरही इंजिने बिघडेपर्यंत चालवलेली आहेत. सिम्युलेशनमध्ये ते शक्य आहे. चालत्या प्लांटमध्ये इंजिन बिघडेपर्यंत कोणी चालवू देत नाही, आणि देऊही नये. त्यामुळे त्यावर उत्तम चालणारी पद्धत माझ्या ६२ बेअरिंगवर लावायला घेतली की पहिल्याच पायरीला अडते.

माझी तयारी कुठे कमी पडते तेही सांगते. कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि सिग्नल प्रोसेसिंग पक्के आहे. पायथन आणि एसक्यूएल रोजच्या वापरात आहे. विंडो फंक्शन आणि वेळेनुसार जोडणी यांत अडचण येत नाही. प्रोबॅबिलिटीचा पदवीतला एकच पेपर झाला आहे, त्यात मॅक्सिमम लाइकलिहूड जेमतेम शिवले गेले होते. ती उणीव भरण्यासाठी कंडिशनल एक्स्पेक्टेशन, लाइकलिहूड आणि ॲसिम्प्टॉटिक्सपर्यंतचा अभ्यास स्वतः उदाहरणे सोडवत करते आहे. डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम्सचा औपचारिक पेपर झालेला नाही. आपल्या विभागाचा पूर्वतयारी वर्ग त्यासाठी पुरेसा वाटतो आणि पहिल्या सत्राआधी तो पूर्ण करण्याची माझी तयारी आहे.

अभ्यासक्रमात पहिल्या सत्रातले गणिती संख्याशास्त्र आणि डेटाबेस सिस्टीम्स हे माझ्यासाठी पाया आहेत. दुसऱ्या सत्रात बायेशियन पद्धती आणि सर्व्हायव्हल अॅनालिसिस हे दोन ऐच्छिक विषय घेईन. डीप लर्निंगला माझा विरोध नाही, कंपनाच्या कच्च्या सिग्नलवर ते उपयोगी पडते. पण १४ बिघाडांच्या प्रश्नात ते मला पहिल्यांदा हाताशी धरावेसे वाटत नाही.

प्रबंधासाठी माझ्या मनात असलेला विषय असा: पंपांच्या गटांनुसार बदलणारे पॅरामीटर असलेले हायरार्किकल वायबुल मॉडेल, ज्यात कंपनाच्या एन्व्हलपमधील ऊर्जा काळानुसार बदलणारा कोव्हेरिएट म्हणून येईल. त्यात एक गाठ आहे. कंपनावरून निर्णय होऊ लागला की काही बेअरिंग वेळेआधी उतरवली जातील, म्हणजे सेन्सॉरिंग बिघाडाच्या धोक्यापासून स्वतंत्र राहत नाही आणि नेहमीची सूत्रे धोका कमी दाखवतात. जॉइंट मॉडेल किंवा इन्व्हर्स प्रोबॅबिलिटी वेटिंग यांपैकी काय टिकते, हे आधी खरे उत्तर माहीत असलेल्या सिम्युलेटेड डेटावर आणि मग प्लांटच्या नोंदींवर तपासायचे आहे. नावे आणि ठिकाणे वगळून या नोंदी संशोधनासाठी वापरण्याची लेखी परवानगी मी घेतली असून ती अर्जासोबत जोडली आहे.

पदवीनंतर मला रिलायबिलिटीच्याच क्षेत्रात परत यायचे आहे, पण मॉडेल बनवणाऱ्या गटात. यंत्राची भूमिती आणि लाइकलिहूड दोन्ही वाचता येणारी माणसे तिथे लागतात. सध्या हे काम दोन वेगळ्या टेबलांवर चालते आणि मधल्या मधे वर्क ऑर्डरची चुकीची तारीख तशीच पुढे जाते.

आपली विश्वासू,
अर्जदार