ॲसेटेट बफर, पीएच ५.०, ०.१ मोलार: ५०० मिलि बनवण्याची कृती (द्वितीय वर्ष बीएस्सी, प्रात्यक्षिक)

पुढच्या आठवड्यात आपण यीस्टमधल्या इन्व्हर्टेजवर काम करणार आहोत. या विकराला आम्लधर्मी वातावरण मानवतं, म्हणून आज पीएच ५.० चं बफर बनवून ठेवायचं. आकडेमोड आधी वहीत करा आणि मगच तराजूकडे या. तराजूसमोर उभं राहून कॅल्क्युलेटर बडवणाऱ्यांची रांग दरवर्षी लागते.

कोणतं आम्ल घ्यायचं?

हवा असलेला पीएच आणि आम्लाचा pKa यांत एकापेक्षा जास्त अंतर नको. ॲसेटिक आम्लाचा pKa २५ अंश सेल्सिअसला ४.७६ आहे, म्हणजे साधारण ३.८ ते ५.८ या पट्ट्यात ते कामाचं. आपला ५.० त्यात आरामात बसतो. उद्या कोणी पीएच ७.२ मागितला, तर ॲसेटेट सोडून फॉस्फेटकडे वळायचं. पट्ट्याबाहेरही पीएच मीटरवर हवा तो आकडा आणता येतो, पण तो टिकत नाही. थेंबभर आम्ल पडलं की घसरतो.

गुणोत्तर

१९०८ मध्ये हेंडरसनने मांडलेल्या संबंधाला पुढे हॅसलबाल्कने लॉगचं रूप दिलं. तेच समीकरण:

```
pH = pKa + log([A⁻]/[HA])
```

इथे A⁻ म्हणजे ॲसेटेट, जे सोडिअम ॲसेटेटमधून येतं, आणि HA म्हणजे ॲसेटिक आम्ल. आकडे घालू.

```
५.०० = ४.७६ + log(क्षार/आम्ल)
log(क्षार/आम्ल) = ०.२४
क्षार/आम्ल = १.७४
```

पीएच pKa पेक्षा वर आहे, तेव्हा क्षार आम्लापेक्षा जास्त यायला हवा. उत्तर उलटं आलं तर भागाकार उलटा झाला आहे. ही तपासणी दोन सेकंदांची, पण ती न केल्यामुळे अख्ख्या बॅचचं बफर ओतून दिलेलं मी पाहिलं आहे.

मिलिमोल

०.१ मोलार म्हणजे आम्ल आणि क्षार *मिळून* ०.१ मोलार. दोन्ही वेगवेगळे ०.१ घेतले तर ॲसेटेटची एकूण तीव्रता दुप्पट होते.

```
एकूण = ०.१ × ५०० = ५० मिलिमोल
आम्ल = ५० ÷ (१ + १.७४) = १८.२५ मिलिमोल
क्षार = ५० − १८.२५ = ३१.७५ मिलिमोल
```

ग्रॅम आणि मिलि

आपल्या कपाटातल्या सोडिअम ॲसेटेटच्या बाटलीवर ट्रायहायड्रेट लिहिलं आहे. त्याचं रेणुवस्तुमान १३६.०८, तर निर्जल क्षाराचं ८२.०३. बाटलीवरचं लेबल वाचा, पाठ केलेला आकडा वापरू नका. निर्जल क्षाराचं वजन ट्रायहायड्रेटसाठी वापरलं, तर बफरमध्ये क्षार जेमतेम साठ टक्के पडेल.

```
ट्रायहायड्रेट: ३१.७५ × १३६.०८ ÷ १००० = ४.३२ ग्रॅम
(निर्जल असता तर २.६० ग्रॅम)
ग्लेशियल ॲसेटिक आम्ल, १७.४ मोलार: १८.२५ ÷ १७.४ = १.०५ मिलि
```

प्रत्यक्ष कृती

५०० मिलिच्या बीकरमध्ये सुमारे ४०० मिलि डिस्टिल्ड वॉटर घ्या. त्यात ४.३२ ग्रॅम सोडिअम ॲसेटेट टाकून ढवळा, लगेच विरघळतं. ग्लेशियल ॲसेटिक आम्ल मात्र फ्यूम हूडखाली, हातमोजे आणि गॉगल घालूनच काढायचं. पिपेटला बल्ब लावा, तोंडाने ओढायचं नाही. मायक्रोपिपेट असेल तर उत्तम. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या बॅचला बाटलीत कधी कधी बर्फासारखे खडे दिसतात. हे आम्ल १६.६ अंशांना गोठतं, 'ग्लेशियल' हे नाव त्यावरूनच पडलं. घट्ट झाकण लावलेली बाटली कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा. बर्नरजवळ नेऊ नका, त्याची वाफ पेट घेते.

आम्ल घातल्यावर ढवळा आणि द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ द्या. तोवर पीएच मीटर ४.०१ आणि ७.०० च्या प्रमाण द्रावणांनी कॅलिब्रेट करा. मग इलेक्ट्रोड धुऊन, टिश्यूने हलकेच टिपून, बफरमध्ये बुडवा.

मीटरवर ५.०० येणार नाही. ४.९ च्या आसपास येईल, आणि बरेच जण इथे घाबरून सगळं पुन्हा मोजायला बसतात. चूक तुमची नाही. ४.७६ हा pKa अतिविरल द्रावणासाठी आहे. आपल्या द्रावणात सोडिअम आणि ॲसेटेट आयनांची गर्दी आहे, त्यामुळे आम्ल थोडं जास्त विघटित होतं आणि प्रभावी pKa ४.६७ च्या जवळ उतरतो. कागदावरचं गणित तुम्हाला दारापर्यंत आणून सोडतं, आत मीटर नेतो.

आता १ मोलार सोडिअम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घाला. किती लागेल याचा अंदाज आधीच काढता येतो:

```
क्षार/आम्ल = १० चा (५.०० − ४.६७) घात = २.१४
लागणारा क्षार = ५० × २.१४ ÷ ३.१४ = ३४.१ मिलिमोल
जास्तीचा क्षार = ३४.१ − ३१.७५ ≈ २.३ मिलिमोल
म्हणजे १ मोलार हायड्रॉक्साइड, सुमारे २.३ मिलि
```

पाच-सहा मिलि घालूनही आकडा तिथेच असेल, तर वजनात किंवा पिपेटमध्ये गडबड आहे, हायड्रॉक्साइड ओतत राहू नका. हायड्रॉक्साइडमुळे आम्लाचंच क्षारात रूपांतर होतं, म्हणून एकूण ॲसेटेट ५० मिलिमोलच राहतं. पीएच वर निघून गेला तर सौम्य ॲसेटिक आम्लाचे काही थेंब घालून खाली आणा. हायड्रोक्लोरिक आम्लानेही तो उतरतो, पण मग द्रावणात विनाकारण क्लोराइड शिरतं.

५.०० स्थिर झाला की द्रावण ५०० मिलिच्या व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्कमध्ये ओता. बीकर थोड्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुऊन तेही त्यातच घाला, मग खुणेपर्यंत पाणी भरून फ्लास्क उलटसुलट करा. आधीच ५०० मिलि करून मग पीएच जुळवायला बसलात तर आकारमान वाढतं आणि तीव्रता ०.१ राहत नाही.

परीक्षा

तयार बफरचे १०० मिलि वेगळे काढून त्यात १ मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल १ मिलि घाला. क्षारातला १ मिलिमोल आम्लाच्या बाजूला जातो: क्षार ६.८ चा ५.८, आम्ल ३.२ चं ४.२. म्हणजे पीएच ४.८१ च्या जवळ. मग तेच १ मिलि १०० मिलि साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये घाला आणि मीटर बघा, २ च्या आसपास कोसळतो. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा, तोंडी परीक्षेत हेच विचारलं जातं. परीक्षेला वापरलेलं बफर परत बाटलीत ओतायचं नाही.

बाटलीवर बफरचं नाव, तीव्रता, पीएच, ज्या तापमानाला मोजला ते तापमान, तारीख आणि बॅच लिहा. फ्रिजमध्ये ४ अंशांना ठेवा. ॲसेटेट अनेक सूक्ष्मजीवांचं खाद्य आहे. द्रावण गढूळ दिसलं किंवा तळाशी तंतू दिसले तर फेकून द्या आणि नवं करा.

बॅच ब ला पीएच ४.५ दिला आहे. गणित स्वतः करा, मग ताडून पाहा: गुणोत्तर ०.५५, क्षार १७.७ मिलिमोल म्हणजे ट्रायहायड्रेट २.४१ ग्रॅम, आम्ल ३२.३ मिलिमोल म्हणजे १.८५ मिलि. इथे आम्ल क्षारापेक्षा जास्त आहे. का, ते वहीत एका ओळीत लिहा.