विषय: सोयाबीन मुळांवरील गाठी – अनपेक्षित निकाल आणि प्रयोग पुन्हा घेण्याबाबत

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

दारव्हा तालुक्यातल्या तिन्ही वावरांतली गाठींची मोजणी पूर्ण झाली. रायझोबियम लावलेल्या वाफ्यांत झाडामागे सरासरी ३४ गाठी आहेत, आणि काहीच न लावलेल्या वाफ्यांत ३१. कोरडं वजनही जवळपास सारखंच. दोन्हीकडच्या गाठी आतून गुलाबी निघाल्या, म्हणजे नियंत्रण वाफ्यातल्या गाठीही नत्र स्थिर करणाऱ्याच आहेत. मोजणीची शीट सोबत जोडली आहे.

एवढ्यावरून 'जिवाणू संवर्धनाचा उपयोग झाला नाही' असं लिहिणं मला घाईचं वाटतं. या वावरांत वर्षानुवर्षं सोयाबीन होतंय, त्यामुळे जमिनीतच ब्रॅडिरायझोबियम मुरलेले असू शकतात. मला सर्वांत जास्त शक्यता हीच वाटते. पण पेरणी एकाच तिफणीने झाली आणि दोन वावरांत लावलेलं बियाणं आधी पडलं. चाड्यातून आणि नळ्यांतून जिवाणू पुढच्या वाफ्यांत गेले असतील. तिसरं म्हणजे संवर्धन जूनच्या उन्हात गावापर्यंत गेलं, तेव्हा ते जिवंत किती उरलं होतं याची नोंद आपल्याकडे नाही. यातलं नेमकं काय झालं, हे आत्ताच्या आकड्यांवरून सुटत नाही.

म्हणून खरिपाची वाट न पाहता आधी कुंड्यांत प्रयोग घ्यावा असं सुचवते. माती दोन प्रकारची: याच वावरांतली, आणि जिथे आजवर कपाशी-तूरच होत आली अशा शेजारच्या वावरातली. तुरीच्या मुळांवरही गाठी येतात, पण ते जिवाणू सोयाबीनवर सहसा चालत नाहीत, म्हणून ही तुलना कामाची. प्रत्येक माती एकदा आहे तशी आणि एकदा ऑटोक्लेव्ह करून. बियाण्याला तीन प्रक्रिया: जिवंत संवर्धन, ऑटोक्लेव्हमध्ये मारलेलं तेच संवर्धन, आणि काहीच नाही. मेलेल्या संवर्धनामुळे गूळपाणी आणि वाहकाचा परिणाम वेगळा कळेल. आधीच्या आराखड्यात हे नियंत्रण नव्हतंच. निर्जंतुक मातीत काहीही न लावलेल्या झाडाला गाठ आली, तर पाणी किंवा हाताळणीतून संसर्ग झाला हे लगेच दिसेल. पेरणीच्या दिवशी संवर्धनाची काँगो रेड घातलेल्या वायईएमए माध्यमावर जिवंत पेशींची मोजणीही करीन. कुंड्यांना फक्त क्रमांक असतील आणि गाठी दुसरं कुणी तरी मोजेल.

पुढच्या जूनमध्ये वावरात पेरताना नियंत्रण वाफे आधी, मधे मोकळ्या ओळी, आणि एक वाफा नत्र खताचा, म्हणजे पिकाला नत्राची गरज होती का तेही समजेल. शेतकरी काका पुन्हा जागा द्यायला तयार आहेत; फक्त 'औषध न लावलेलं' बियाणं आपण पुरवावं असं त्यांचं म्हणणं आहे. ते रास्तच आहे, कारण विकतच्या बियाण्याला बुरशीनाशक लागलेलं असतं आणि ते जिवाणूंना बाधू शकतं.

मला ऑटोक्लेव्हची वेळ आणि शेडनेटमधली ३६ कुंड्यांची जागा लागेल. तुमची संमती मिळाली की माती आणायला निघते. सहामाही अहवालात हे आकडे आहेत तसेच द्यायचे की कुंड्यांचा निकाल येईपर्यंत 'प्राथमिक' म्हणून, तेवढं कळवावं.

आपली विद्यार्थिनी,
प्रज्ञा