बेक्ड पास्त्याच्या खोक्यावरची कृती, तुझ्या कुकरसाठी

खोक्याचे दोन्ही फोटो मिळाले गं. फ्लॅशची चमक पडलीय, तरी सगळं वाचता आलं: पास्ता 250 ग्रॅम, सॉस 350 ग्रॅम, पाणी 600 मिली, फॉइल लावून 200 अंशांवर 35 मिनिटं, मग फॉइल काढून चीज आणि ब्रेडक्रम्ब घालून आणखी 10 मिनिटं.

म्हणजे ओव्हन इथे दोन कामं करतो. फॉइल असताना पास्ता वाफेवर शिजतो, ते कुकर पटकन करेल. फॉइल काढल्यावर वरून कुरकुरीत होतो, ते मात्र कुकरला जमणार नाही. ते कढईत करायचं.

पाणी 600 नाही, 450 मिलीच घे. कुकरमध्ये ते फारसं आटत नाही, जास्त झालं तर पास्त्याचा गोळा होईल. तुझ्या पाच लिटरच्या कुकरमध्ये आधी पाणी, चमचाभर तेल, मग पास्ता पसर. सॉस सगळ्यात वर ओत आणि अजिबात ढवळू नकोस. दाट सॉस तळाला गेला की लागतो. मीठ नको, सॉसमध्ये असतं. कुकर निम्म्याच्या वर भरू नकोस, पास्त्याला फेस येतो.

झाकण लावून मध्यम आचेवर एक शिट्टी, साधारण 6-7 मिनिटं. गॅस बंद करून 5 मिनिटं तसंच राहू दे. मग उलथन्याने शिट्टी हळूच उचल, तोंड लांब ठेवून. फेस बाहेर आला तर लगेच सोड, मिनिटभराने परत उचल. वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

आता ढवळ. पास्ता कच्चट लागला तर पाव वाटी गरम पाणी घालून मंद आचेवर 2-3 मिनिटं, शिट्टी न लावता. पाणी दिसलं तर उघडाच आटव. मग चीज पसरून वर ताट झाक, अगदी मंद आचेवर 3 मिनिटं.

पास्ता कुकरमध्ये असतानाच शेजारी ब्रेडक्रम्ब परत. कढईत चमचाभर बटर, मंद आच, सतत हलवत 3-4 मिनिटं. बदामी झाले की लगेच ताटलीत काढ, गरम कढईत राहिले तर करपतात. खोक्यातले कमी वाटले तर मिसळीबरोबरचा शिळा पाव चुरून घाल, मला तर तोच जास्त आवडतो. हे ताटात वाढल्यावरच वरून घालायचे, आधी घातले तर वाफेने मऊ पडतात.

कुकर रिकामा नसेल तर जाड बुडाच्या कढईत कर: पाणी 700 मिली, उकळी आल्यावर पास्ता, झाकण ठेवून 10 मिनिटं, मग सॉस घालून 5-6 मिनिटं, मधूनमधून ढवळत. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच, त्यामुळे उघड्या भांड्यात मिनिटभर जास्त लागेल. घड्याळापेक्षा दाण्यावर विश्वास ठेव: एक काढून चाव, मधे पांढरा ठिपका दिसला तर अजून हवंय.

तिघींना पुरेल. रात्री चौथी येणार असेल तर बाजूला कोशिंबीर कर.