वाड्याचे कागद आणि फोटो तुमच्याकडे देतोय, त्याबद्दल

नमस्कार मॅडम,

फोनवर बोललो तसं लिहून देतोय. शनिवार पेठेतला आमचा वाडा दिवाळीनंतर पाडणार, त्यामुळे माळ्यावरची पेटी तुमच्या वाचनालयाच्या जुन्या दप्तरात कायमची द्यायचं आम्ही सगळ्या चुलत भावंडांनी ठरवलंय, सगळ्यांच्या सह्या मागच्या पानावर आहेत. पेटीत १८९२ चं मोडीतलं खरेदीखत, वाटणीपत्र, घरपट्टीच्या पावत्या, भाडेकरूंची पावतीपुस्तकं आणि ६४ फोटो आहेत.

बरेच कागद पानशेतच्या पुरात भिजलेत. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा पाणी आमच्या माजघरात शिरलं, आजोबांनी कागदांचे रुमाल तसेच ओले उचलून गच्चीवर नेले आणि नंतर एकेक कागद दोरीवर वाळत घातला, म्हणून खरेदीखताच्या खालच्या अर्ध्यावर गाळाची तपकिरी रेघ आहे. ती प्लीज साफ करू नका. पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर दिसायचं, आता भिंतच राहणार नाही. लॅमिनेशन आणि सेलोटेपही नको, कसर लागलेले कागद वेगळे बांधलेत.

अभ्यासाला कोणीही बघावं, स्कॅन करावं, त्याचे पैसे आम्हाला नकोत. फक्त मूळ कागद आणि फोटो वाचनालयाबाहेर कोणालाही देऊ नका, प्रदर्शनालासुद्धा स्कॅनची प्रिंट द्या. हे एवढं स्पष्ट लिहितोय कारण मागे एकांनी आजोबांचा मुंजीतला फोटो चार दिवसांसाठी म्हणून नेला, तो परत आलाच नाही आणि पुढे एका कॅलेंडरवर दिसला, खाली आमचं नाव नाही की काही नाही. तेव्हा कुठेही छापलं तर 'शनिवार पेठेतल्या वाड्याच्या कुटुंबाकडून' एवढं हवंच, आणि जाहिरात, कॅलेंडर, हॉटेलच्या भिंती यासाठी आमच्या लेखी परवानगीशिवाय नाही.

पणजीचा सोवळ्यातला, केशवपन केलेला एक फोटो आहे. तो मागेल त्याला वाचनालयात दाखवा, पण नेटवर टाकू नका. तिने स्वतःहून कधी फोटो काढू दिला नसता असं आई म्हणते. भाडेकरूंच्या पुस्तकात कोणाचं किती महिने थकलं ते लिहिलंय, त्यांची मुलं-नातवंडं अजून पेठेत राहतात, म्हणून ती पुस्तकं २०५० पर्यंत बंद ठेवा. आत्याची आजारपणातली पत्रं वेगळ्या पाकिटात आहेत, तीही तशीच.

उद्या वाचनालय बंद पडलं किंवा जागा कमी पडली तर पेटी रद्दीत न जाता आधी आम्हाला कळवा. स्कॅनचा एक सेट आम्हालाही द्या.

बुधवारी सकाळी दहाला पेटी घेऊन येतो. आई सोबत येतेय, फोटोतली बहुतेक माणसं तिला ओळखता येतात, ८६ वर्षांची आहे, तेव्हा त्या दिवशी कोणीतरी तिच्याजवळ निवांत बसा. नावं फोटोच्या मागे पेन्सिलनेच लिहा, आणि तिला जिना चढवत नाही, खालच्याच खोलीत बसू.

तुमचा,
वाड्यातला धाकटा नातू