विसार पावती रद्द केल्याची व विसार रक्कम परत केल्याची नोटीस

रजिस्टर ए.डी. पोस्टाने
दिनांक : 16 जून 2025

प्रति,
श्री. प्रशांत विलास कदम, रा. जुन्नर, जि. पुणे

यांजकडून : सुभाष दगडू शेळके, रा. पिंपळगाव, ता. जुन्नर, जि. पुणे

विषय : मौजे पिंपळगाव येथील गट नं. 214 पैकी 0 हे. 40 आर जमिनीची दि. 10 जानेवारी 2025 ची विसार पावती.

महोदय,

सदर जमीन रु. 24,00,000 ला आपणास देण्याचे ठरले. विसारापोटी रु. 3,00,000 आपण आरटीजीएसने माझ्या खात्यात जमा केले. रु. 6,00,000 दि. 9 एप्रिलपर्यंत व उरलेले रु. 15,00,000 खरेदीखताच्या वेळी द्यायचे होते. वेळ ही व्यवहाराची मुख्य अट असल्याचे पावतीच्या कलम 7 मध्ये स्पष्ट लिहिले आहे.

आपला रु. 6,00,000 चा धनादेश खात्यात पुरेशी रक्कम नसल्याच्या शेऱ्याने न वटता परत आला. दि. 25 एप्रिलला मी लेखी कळवले. आपल्या विनंतीवरून दि. 5 मे रोजी दोघांच्या सह्यांनी दि. 30 मेपर्यंत मुदत वाढवली. त्या दिवशी सर्व रु. 21,00,000 देऊन खरेदीखत करायचे, ही आपणच मान्य केलेली शेवटची मुदत होती.

दि. 30 मे रोजी सातबारा, 8अ, फेरफार, आधार व पॅन घेऊन मी दोन्ही साक्षीदारांसह दुय्यम निबंधक कार्यालयात सकाळी 11 पासून सायंकाळी 5 पर्यंत थांबलो. आपण आला नाहीत, रक्कमही आली नाही. माझ्या हजेरीच्या अर्जाची आवक शिक्का असलेली प्रत सोबत आहे.

म्हणून सदर विसार पावती व मुदतवाढीचा लेख या नोटिशीने मी रद्द करीत आहे. कलम 9 प्रमाणे विसार जप्त करण्याचा मला अधिकार आहे. तरी तो न वापरता, एक रुपयाही न कापता, रु. 3,00,000 चा आपल्या नावचा डिमांड ड्राफ्ट व न वटलेला मूळ धनादेश सोबत परत करीत आहे. कष्टाचा पैसा कुणाचाही अडकू नये, एवढीच माझी भावना आहे. ड्राफ्टऐवजी रोख रक्कम मागू नये. आयकर कायद्याच्या कलम 269टी मुळे ती देता येत नाही.

जमिनीचा ताबा आपणास कधीही दिलेला नाही, तो माझ्याकडेच आहे. साठेखत वा खरेदीखत नोंदलेले नाही आणि सातबाऱ्यावर आपली नोंद नाही. नुसत्या विसार पावतीने जमिनीत मालकी हक्क निर्माण होत नाही (मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882, कलम 54). यापुढे या पावतीच्या आधारे कोणाशी बोलणी करू नयेत, ती कोणाच्या नावे करू नये. दिलेला वा घेतलेला असा कोणताही व्यवहार माझ्यावर बंधनकारक राहणार नाही.

नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत आपल्याकडील मूळ पावती, पाठीमागे "रद्द, विसार परत मिळाला" असे लिहून, सही व दोन साक्षीदारांच्या सह्यांसह माझ्याकडे पोचती करावी. पावती परत न आल्यानेही ती जिवंत राहत नाही. मात्र तसे झाल्यास मी जाहीर नोटीस देऊन जमीन अन्य व्यक्तीस विकण्यास मोकळा राहीन. पाकीट घेण्यास नकार दिल्यास नोटीस बजावली गेली असे धरले जाईल आणि परत आलेला ड्राफ्ट आपल्यासाठी राखून ठेवला जाईल. त्या रकमेवर व्याज देय होणार नाही.

आपला,
(सही)
सुभाष दगडू शेळके

सोबत : डिमांड ड्राफ्ट, मूळ धनादेश व बँकेचा परतावा मेमो, मुदतवाढीच्या लेखाची व हजेरी अर्जाची प्रत.
प्रत : पावतीवरील दोन्ही साक्षीदारांस.