म्हापशाच्या बाजारातला अभ्यास: चुका शोधा

मुलांनो, आधी हे नीट वाचा. समजा एका ग्रुपने ठरवलं की पोस्टर लावल्याने लोक प्लास्टिकची पिशवी कमी घेतात का ते बघायचं. चतुर्थीच्या आदल्या शुक्रवारी, माटोळीच्या सामानाची झुंबड असताना, त्यांनी म्हापसा बाजाराच्या एका गेटवर सकाळी 9 ते 11 पिशव्या मोजल्या, मग पोस्टर लावलं आणि तीन आठवड्यांनी तिथेच परत मोजल्या. आधी 100 पैकी 64 जणांकडे प्लास्टिक, नंतर 41. निष्कर्ष काढला, पोस्टरचा परिणाम झाला.

प्रश्न 1. आकडा उतरला हे खरं, पण पोस्टरमुळेच का? दुसरी निदान दोन कारणं द्या आणि प्रत्येक कारण तपासायला डिझाइनमध्ये काय बदलाल तेही सांगा. (6 गुण)

प्रश्न 2. मोजणारी मुलं कॉलेजचं ओळखपत्र घालून पोस्टरच्या बाजूलाच उभी होती, आणि कापडी पिशवीच्या आत प्लास्टिकची असेल तर काय मोजायचं हे कुणीच ठरवलं नव्हतं, म्हणजे एकाने प्लास्टिक धरलं, दुसऱ्याने नाही. इथे दोन वेगळे दोष आहेत, ते वेगळेच लिहा. (5)

प्रश्न 3. तुलनेसाठी मडगावचा बाजार घेतला तर चालेल का? (4)

नुसतं ‘सॅम्पल छोटं आहे’ लिहू नका, त्याला गुण नाहीत. सॅम्पल दहापट केलं तरी चतुर्थीची गर्दी तिथेच राहते, हे मला तुमच्या उत्तरात दिसायला हवं.