प्रोग्रेस रेकॉर्ड: उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट, सेशन १ ते १२

पेशंट काकू, वय ६४, ऑपरेशन १० मार्चला. होम व्हिजिट १८ मार्च ते २८ एप्रिल, आठवड्याला दोन. पुढचे सेशन तू घेणार म्हणून डायरीतलं सगळं इथे उतरवलंय, माझं अक्षर तुला लागलं नसतं.

गोल्स
काकूंचं म्हणणं, कोपऱ्यावरच्या मारुतीला स्वतः चालत जायचंय आणि वरच्या मजल्यावर नातवाकडे. खाली मांडी घालून पूजा पण हवी होती, तेवढं मी नाही म्हटलं, सर्जननी पण सांगितलंय, देवघरात स्टूल ठेवलाय. आपले गोल्स ६ आठवड्यांत: गुडघा १०५ पर्यंत वाकणं, सरळ होण्यात ५ अंशांपेक्षा कमी कमतरता, हात न लावता खुर्चीतून उठणं.

काय केलं
सुरुवातीला अँकल पंप, क्वाड्रिसेप्स सेट, हील स्लाईड, नंतर बर्फ १५ मिनिटं. सेशन ४ पासून पटेला मोबिलायझेशन आणि एसएलआर, ६ पासून वॉकर सोडून काठी, ९ पासून पायऱ्या (चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी).

मोजमाप (सेशन १ / ६ / १२)
वाकणं, झोपून, गोनिओमीटरने: ६२ / ८८ / १०८
सरळ होण्यात कमी: १२ / ११ / ९
एसएलआर लॅग: १५ / १२ / १०
चालताना दुखणं, १० पैकी: ७ / ४ / २
टीयूजी: ३४ सेकंद वॉकरने / २२ काठीने / १५ काठीने
३० सेकंदात खुर्चीतून उठणं: घेतलं नाही / ०, हात लावावे लागले / ८, हात न लावता

सेशन ४ चं वाकणं "७" पुढे भज्यांच्या तेलात गेलंय, ७० की ७८ कळत नाही म्हणून घेतलं नाही. ९ ला ११५ लिहिलंय पण ते खुर्चीत बसवून मोजलेलं, बाकी सगळं झोपून, त्यामुळे तेही नाही. टीयूजीत पण १ आणि ६ मधला फरक सगळा पायाचा धरू नकोस, साधन बदललंय. ६ ते १२ मात्र काठी तीच.

आता खरी गोष्ट, आणि ही मला आकडे शेजारी लिहिल्यावर दिसली. वाकणं ४६ अंशांनी वाढलं आणि सरळ होणं फक्त ३. घरचे "किती छान वाकतोय" म्हणून खूश, मी पण त्यातच. मग सेशन ७ च्या समासात माझंच लिहिलेलं सापडलं, "उशी!!", म्हणजे काकू रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपतात, बरं वाटतं म्हणून. तेव्हा सांगितलं होतं, पण नंतर विचारल्याची एकही नोंद नाही, माझीच चूक.

गोल १ आणि ३ झाले, २ नाही. मारुतीपर्यंत जाऊन येतात, पायऱ्या अजून एकेक.

पुढे: पहिल्याच दिवशी उशीचं विचार, काकूंना नाही तर सूनबाईंना, काकू "नाही घेत" म्हणतील. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून १० मिनिटं, दिवसातून तीनदा, टर्मिनल नी एक्स्टेन्शन वाढव. दर दोन सेशनला झोपूनच मोज. सेशन १६ ला कमतरता ५ च्या वरच असेल तर सर्जनना फोन. पोटरी अचानक सुजली, दुखली किंवा टाके लाल दिसले तर सेशन न घेता लगेच.